इम्प्लिसिट पद्धतही फुटते का? गच्चीच्या स्लॅबचा हिशेब आणि तिसऱ्या तासाचे 102 अंश

मृद्गंध

नमस्कार मंडळी. मी अकोल्यात घरांची डिझाइनं करते. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारपेक्षा रात्रीचा त्रास जास्त, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत ओकतो. स्लॅबची खालची बाजू नेमकी किती वाजता सगळ्यांत गरम होते, हे मला स्वतः हिशेब मांडून बघायचं होतं.

सुरुवात अगदी सोपी ठेवली. 150 मिमी काँक्रीट, त्याचे 50 मिमीचे तीन थर, म्हणजे चार नोड. 0 नंबरचा वरच्या पृष्ठभागावर, 3 नंबरचा खालच्या. काँक्रीटची वाहकता 1.4, घनता 2300, विशिष्ट उष्मा 880. यावरून विसरणांक सुमारे 6.9e-7 चौरस मीटर प्रति सेकंद येतो. सगळा स्लॅब सुरुवातीला 30 अंशांवर. वर ऊन धरून सोल-एअर तापमान एकदम 60, वरचा उष्णता-संक्रमण गुणांक h 21. खाली खोली 30 वर, तिथला h 7. एक तासाची टाइम स्टेप घेतली तर फूरिये नंबर Fo आणि बायो नंबर Bi असे येतात:

```
Fo = α·Δt/Δx² = 0.996  (1 धरला)
Bi वर = 0.75,  Bi खाली = 0.25
```

आधी एक्सप्लिसिट करून बघितलं, म्हणजे नवं तापमान थेट जुन्या तापमानांवरून काढलं. वरचा पृष्ठभाग पहिल्या तासाला 75, दुसऱ्याला उणे 37.5, तिसऱ्याला 334. हे होणार असं वाचलं होतं, म्हणून इम्प्लिसिटकडे वळले. तिथे दर तासाला चार समीकरणं एकदम सोडवायची. ती ट्रायडायगोनल आहेत, म्हणून थॉमस अल्गोरिदम लिहिला. आता वरून खाली चारही नोड:

पहिला तास: 42.1, 34.7, 31.9, 31.1
दुसरा तास: 47.9, 41.8, 37.5, 35.9
तिसरा तास: 67.4, 82.8, 92.2, 102.6

सगळीकडे लिहिलेलं असतं की इम्प्लिसिट पद्धत कुठल्याही टाइम स्टेपला स्थिर राहते. मग तिसऱ्या तासाला माझं छत 102 वर कसं गेलं? दोन रात्री यात गेल्या आहेत.

घाटमाथा

ताई, स्टेप फार मोठी आहे. फूरिये नंबर अर्ध्याच्या आत ठेवायचा हा मूळ नियम. तुमच्या 50 मिमीच्या थराला तो साधारण 30 मिनिटांवर येतो. इम्प्लिसिट असली तरी तिलाही काही मर्यादा असणारच, ‘कुठल्याही स्टेपला’ हे पुस्तकी बोलणं. अर्धा तास करून बघा, सुटेल.

केळीचीबाग

मृद्गंधताई, एवढं गणित कशाला? गच्चीवर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मारा. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं हेच करतो, खालची खोली लगेच जाणवण्याइतकी उतरते.

मृद्गंध

@केळीचीबाग, चुना मीही सुचवते लोकांना. इथे मला तो लावल्याने किती फरक पडेल आणि किती वाजता, हेच काढायचं आहे.

@घाटमाथा, अर्धा तास करून बघितला. फुटतो, फक्त वेगळ्या स्टेपला.

त्रिकोणमिती

थोडं सविस्तर लिहितो, कारण या 102 मध्येच उत्तर आहे.

तुमच्या मांडणीत सगळ्यांत गरम गोष्ट कोणती? वरची 60 अंशांची हवा. सगळ्यांत थंड? 30 ची खोली. यांच्यामधला स्लॅब 60 च्या वर किंवा 30 च्या खाली जाऊच शकत नाही. हे निसर्गालाच नव्हे, तुमच्या समीकरणालाही लागू आहे. वरच्या नोडचं इम्प्लिसिट समीकरण अंश सेल्सिअसमध्येच मांडा:

```
4.5·T0(नवं) = 1·T0(जुनं) + 2·T1(नवं) + 1.5·60
```

उजवीकडचे भाग मोजा. एक, दोन आणि दीड, मिळून साडेचार. म्हणजे वरच्या नोडचं नवं तापमान ही तीन तापमानांची सरासरी आहे. एक भाग स्वतःचं कालचं, दोन भाग शेजाऱ्याचं आजचं, दीड भाग हवेचं. खालच्या टोकाला साडेतीन भाग: स्वतःचा एक, शेजाऱ्याचे दोन, खोलीचा अर्धा. मधल्या नोडना तीन. सगळी वजनं धन आहेत. सरासरी आपल्या घटकांच्या बाहेर जात नाही. म्हणून चारांतला सगळ्यांत गरम नोड 60 च्या वर गेला असं क्षणभर धरलं, तरी त्याला वर ओढणारं कोणी सापडत नाही. स्टेप एका तासाची असो की एका आठवड्याची, हा युक्तिवाद बदलत नाही. ‘कुठल्याही स्टेपला स्थिर’ याचा अर्थ इतका ठोस आहे.

आता एक्सप्लिसिट बघा. तिथे नवं T0 काढताना स्वतःच्या जुन्या तापमानाचं वजन येतं 1 − 2 − 1.5, म्हणजे उणे अडीच. वजन ऋण झालं की ती सरासरी राहत नाही. नोड जितका गरम, तितका पुढच्या स्टेपला तो जास्त थंड होतो, मग पुन्हा उलटा. तुमचे 75, उणे 37.5 आणि 334 तिथूनच आलेत.

तेव्हा इम्प्लिसिटमध्ये 102 दिसले, तर पद्धत फुटलेली नाही. समीकरणं चुकीची सुटली आहेत. तुमचा पहिला तास मी हाताने सोडवून बघितला. 30 वजा करून फक्त वाढ धरली:

```
 4.5·t0 − 2·t1            = 45
  −t0 + 3·t1 − t2         = 0
       −t1 + 3·t2 − t3    = 0
            −2·t2 + 3.5·t3 = 0
```

वरून खाली येताना प्रत्येक ओळीतून आधीचा अज्ञात काढून टाकायचा. पहिली ओळ सांगते की t0 = 10 + 0.4444·t1. हे दुसऱ्या ओळीत घातलं की कर्णावरचे 3 उरतात 2.5556, आणि t1 = 3.913 + 0.3913·t2. तिसऱ्या ओळीत कर्ण 2.6087, t2 = 1.5 + 0.3833·t3. चौथीत कर्ण 2.7333, तिथे एकच अज्ञात उरतो: t3 = 3/2.7333 = 1.098. आता परत वर चढायचं: t2 = 1.921, t1 = 4.665, t0 = 12.073. तीस मिळवा, 42.1, 34.7, 31.9, 31.1. तुमचा पहिला तास तंतोतंत बरोबर आहे.

दुसरा तास तसाच केला. उजव्या बाजूला आता 57.073, 4.665, 1.921, 1.098. उत्तर येतं 46.5, 38.5, 34.4, 32.8. तुमच्याकडे 47.9 आणि खाली 35.9. म्हणजे चूक दुसऱ्याच तासाला शिरली आहे. तिथली उत्तरं दिसायला शहाणी होती म्हणून ती लपली. कोड टाका.

मृद्गंध

दुसरा तास मी तपासलाच नव्हता, वाढत्या क्रमाने दिसला म्हणून पुढे गेले. हा कोड. a, b, c हे numpy चे अॅरे आहेत, वेळेच्या लूपबाहेर एकदाच भरलेले. d मात्र दर तासाला नव्याने भरते.

```python
def thomas(a, b, c, d):
    n = len(d)
    for i in range(1, n):
        w = a[i] / b[i-1]
        b[i] = b[i] - w * c[i-1]
        d[i] = d[i] - w * d[i-1]
    x = np.zeros(n)
    x[-1] = d[-1] / b[-1]
    for i in range(n-2, -1, -1):
        x[i] = (d[i] - c[i] * x[i+1]) / b[i]
    return x
```

ओटीवरचा_पाहुणा

दिसलं! फंक्शनच्या आत तुम्ही b बदलताय आणि तोच b बाहेरही बदलतोय. पहिल्या तासानंतर तुमचा कर्ण 4.5, 3, 3, 3.5 राहिलाच नाही. दुसऱ्या तासाला तुम्ही वेगळीच समीकरणं सोडवताय. फंक्शनच्या पहिल्या ओळीत `b = b[:]` लिहा, प्रत निघेल.

मृद्गंध

लिहिलं. आकडे जसेच्या तसे. 102.6 च.

त्रिकोणमिती

पाहुण्यांचं निदान अचूक आहे, औषध चुकलं. पायथनच्या साध्या लिस्टला `b[:]` म्हटलं की प्रत निघते. numpy च्या अॅरेला म्हटलं की त्याच मेमरीवर उघडलेली दुसरी खिडकी मिळते. `b = b.copy()` लिहा.

कर्ण कसा घसरत गेला ते बघण्यासारखं आहे. शेवटच्या ओळीतला कर्ण मूळचा 3.5. पहिल्या तासाच्या विलोपनानंतर 2.73, हे योग्यच. दुसऱ्या तासाला तेच 2.73 मूळ समजून त्यातून पुन्हा वजाबाकी, 1.80. तिसऱ्याला 0.49. आणि 35.8 ला 0.49 ने भागलं की झाली 72.6 अंशांची वाढ. स्टेप लहान केली की घसरण वेगळ्या गतीने होते, पण होतेच. म्हणून अर्ध्या तासानेही सुटलं नाही.

मृद्गंध

सुटलं! 42.1, मग 46.5, आणि खालची बाजू हळूहळू चढतेय. चार दिवसांइतकं चालवलं तर 55.2, 51.6, 48.0, 44.4 वर येऊन थांबतं.

त्रिकोणमिती

ते चारही आकडे बरोबर आहेत, आणि ते कागदावर दोन ओळींत तपासता येतात. स्थिर अवस्थेत तीन रोध एकापाठोपाठ: 1/21, 0.15/1.4 आणि 1/7. बेरीज 0.2976. तीस अंशांचा फरक भागिले ही बेरीज, 100.8 वॅट दर चौरस मीटर. वरचा पृष्ठभाग 60 वजा 100.8/21, म्हणजे 55.2. खालचा 30 अधिक 100.8/7, म्हणजे 44.4.

पण एवढ्यावर कोडवर विश्वास ठेवू नका. शेवट बरोबर येऊनही वाटेतला वेळ चुकलेला असू शकतो. उदाहरणार्थ, घनता चुकीची टाकली तरी शेवट हाच येईल. आणि समीकरणं बरोबर सुटतात का हे कळायला दर स्टेपला एक तपासणी ठेवा: सोडवलेलं उत्तर मूळ, न बदललेल्या a, b, c मध्ये परत घाला आणि उजवी बाजू मिळते का बघा. फरक 1e-10 च्या आसपास असायला हवा. ही एक ओळ असती तर तुमच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

घाटमाथा

मान्य, इम्प्लिसिटबद्दल माझं चुकलं. पण एक्सप्लिसिटची मर्यादा अर्धा, हे तरी बरोबर ना? 30 मिनिटांच्या आत ठेवलं की एक्सप्लिसिटही चालेल.

रेषाखंड

नाही चालणार. अर्धा ही फक्त आतल्या नोडची अट. पृष्ठभागावर हवेशी देवाणघेवाण आहे, तिथे अट `Fo·(1 + Bi) ≤ 1/2`. बायो 0.75 असेल तर फूरिये 0.286 च्या आत, म्हणजे 17 मिनिटं. त्याच्या वर गेलं की फुटलं. आम्ही एम.टेक.ला हेच वापरायचो.

त्रिकोणमिती

रेषाखंड, तुमची अट सुरक्षित आहे, पण ती फुटण्याची सीमा नव्हे. ती वजन ऋण होण्याची सीमा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या.

वजन ऋण झालं की उत्तर करवतीसारखं वरखाली व्हायला लागतं. करवतीचे दात वाढत जातात की मरत जातात, हे पूर्ण मॅट्रिक्सच्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूवर ठरतं. या चार नोडच्या मॅट्रिक्सची मी काढली, फूरिये नंबर बाहेर काढून 4.55 येते. सीमा 2 भागिले 4.55, म्हणजे 0.44. वेळेत सांगायचं तर साडेसव्वीस मिनिटं.

म्हणून तीन आकडे आहेत. 17 मिनिटांपर्यंत उत्तर गुळगुळीत. 17 ते साडेसव्वीस या पट्ट्यात ते फुटत नाही, पण डुलतं. त्यापुढे फुटतं, घाटमाथा यांचे 30 मिनिटंही त्यात आले.

मधल्या पट्ट्याचा नमुना देतो, कारण फसवतो तो हाच. फूरिये 0.4 घ्या, साधारण 24 मिनिटांची स्टेप. वरचा पृष्ठभाग पहिल्या स्टेपला 48.0, दुसऱ्याला 40.8, तिसऱ्याला 49.4. ऊन तेवढंच आहे आणि पृष्ठभाग मध्येच सात अंशांनी उतरतो! असा आलेख दिसला की ढग आला होता का असा विचार करू नका, स्टेप तपासा.

रेषाखंड

हे मला नवीन. इतकी वर्षं ती अट म्हणजेच स्थिरतेची सीमा समजत होतो. पण व्यवहारात मी 17 वालीच पाळेन. न फुटणारं पण डुलणारं उत्तर घेऊन करायचं काय?

त्रिकोणमिती

बरोबर, पाळायची तीच.

अधांतर

मी जर्मनीत बॅटरीच्या थर्मल मॉडेलिंगमध्ये काम करतो. एक गोष्ट राहून जातेय. इम्प्लिसिट स्थिर आहे, ठीक. पण एका तासाच्या स्टेपचं 42.1 हे उत्तर *बरोबर* आहे का? पहिल्या तासात उष्णता अजून खालपर्यंत फारशी पोचलेली नाही, म्हणून स्लॅब अनंत जाड धरून सूत्राने पृष्ठभाग काढता येतो:

```
t0/30 = 1 − exp(0.5625)·erfc(0.75) = 0.493
```

म्हणजे वाढ 14.8, पृष्ठभाग 44.8 अंश. तुमचं इम्प्लिसिट जवळपास पावणेतीन अंश मागे आहे. स्थिर आहे आणि चुकीचंही आहे.

माझ्या मते क्रँक–निकोलसन वापरा. 1947 पासून लोक वापरतायत, स्थिरता तीच, अचूकता वेळेत दुसऱ्या दर्जाची, ट्रायडायगोनल सॉल्व्हरही तोच चालतो.

त्रिकोणमिती

अधांतर, 44.8 बद्दल धन्यवाद, धाग्याला हे हवंच होतं. मी रात्री बसून याच चार नोडांवर 15 मिनिटांच्या चार स्टेपा केल्या. इम्प्लिसिटने पृष्ठभाग 44.0 येतो, एक्सप्लिसिटने 45.3. खरं 44.8 दोघांच्या मधे. इम्प्लिसिट नेहमी थोडं आळशी, कारण स्टेपच्या शेवटी पृष्ठभाग तापलेला असेल आणि म्हणून हवेकडून कमी उष्णता घेईल, तो शेवटचा कमी दर ते पूर्ण स्टेपभर लावतं. एक्सप्लिसिट सुरुवातीचा मोठा दर स्टेपभर लावतं, म्हणून पुढे धावतं.

क्रँक–निकोलसनही मी एका तासाच्या स्टेपने केलं. पहिल्याच स्टेपला 48.1, खऱ्यापेक्षा सव्वातीन अंशांनी जास्त. म्हणजे या प्रश्नात, या स्टेपला, साध्या इम्प्लिसिटपेक्षाही वाईट. कारण इथे ऊन एकदम 30 वरून 60 वर गेलं आहे, आणि अशा धक्क्यावर त्याची निम्मी एक्सप्लिसिट बाजू उसळते. स्टेप लहान केली की ते नक्कीच पुढे जाईल, पण धक्क्याच्या पहिल्या काही स्टेपा साध्या इम्प्लिसिटने करून मग त्याकडे वळणं जास्त बरं.

अधांतर

धक्का हा मांडणीतला आहे, अकोल्याच्या उन्हातला नाही. सूर्य हळूहळू चढतो. खऱ्या दिवसभराच्या वक्रावर क्रँक–निकोलसन जिंकेल, यावर मी ठाम आहे.

त्रिकोणमिती

शक्य आहे. मृद्गंधताईंनी दोन्ही करून आकडे टाकले तर कळेल. मला साधं इम्प्लिसिट आणि 15 मिनिटं पुरेल असं वाटतं.

आणि पृष्ठभागापेक्षा ताईंना खालच्या बाजूची वेळ हवी आहे, तिथे आणखी एक गोष्ट. इम्प्लिसिटमध्ये सगळी समीकरणं एकदम सुटतात, म्हणून पहिल्याच स्टेपला छताला ऊन कळतं. एका तासाच्या स्टेपने छत 1.1 अंश वाढलं. खरी वाढ अर्ध्या अंशाच्या आसपास असायला हवी. म्हणजे मोठी स्टेप छताला जरा लवकर तापवते. एक्सप्लिसिटमध्ये उलट, दर स्टेपला बातमी एकच नोड पुढे सरकते. छत किती वाजता सर्वांत गरम, हा प्रश्न असेल तर एका तासाची स्टेप नकोच.

चौकट_राजा

मी थोडं विरोधात बोलतो. थॉमस, कॉपी, व्ह्यू, एवढं रामायण झालं ते इम्प्लिसिटमुळे. एक्सप्लिसिट पाच ओळींत लिहून होतं. 5 मिमीचे थर घ्या, 31 नोड. मर्यादा वरच्या नोडसकट 16.8 सेकंद, 16 धरा. पूर्ण दिवसाच्या 5400 स्टेपा, गुणिले 31. माझा जुना लॅपटॉप हे पापणी लवायच्या आत करतो. मग इम्प्लिसिट कशासाठी?

त्रिकोणमिती

या एका स्लॅबसाठी तुमचं म्हणणं मला पटतं. 31 नोडांना कोणतीही पद्धत जड नाही.

अडचण थर पातळ होतात तेव्हा येते. थर निम्मा केला की एक्सप्लिसिटची स्टेप चौथाई होते. 50 मिमीला आतल्या नोडची मर्यादा 30 मिनिटं, 5 मिमीला 18 सेकंद, 1 मिमीला 0.72 सेकंद. म्हणजे दिवसाला जवळपास 1 लाख 20 हजार स्टेपा, आणि नोडही पाचपट. ताईंनी उद्या स्लॅबवर 2 मिमीचा वॉटरप्रूफिंगचा थर दाखवायचा म्हटलं, तर तो एक पातळ थर सगळ्या 150 मिमीची स्टेप ठरवेल. इम्प्लिसिटमध्ये स्टेप उन्हाच्या बदलाकडे बघून ठरवता येते, सर्वांत पातळ थराकडे बघून नाही. आणि एका स्टेपचा खर्च फार तर दुप्पट-अडीचपट. मॅट्रिक्स बदलत नसेल तर त्याहूनही कमी, कारण ते w आणि बदललेला b एकदाच काढून ठेवता येतात, दर स्टेपला फक्त d वर हात फिरवायचा.

चौकट_राजा

पातळ थराचा मुद्दा मान्य. एकसंध स्लॅबला मात्र मी एक्सप्लिसिटच वापरणार. निदान त्यात चूक झाली तर ओरडून सांगतं, 334 अंश दाखवून. ताईंचं इम्प्लिसिट दुसऱ्या तासाला 47.9 म्हणत गप्प बसलं होतं.

केळीचीबाग

मगाशी मी विषय भलतीकडे नेला, पण आता वाचतोय. चुना लावला तर या समीकरणात नेमकं काय बदलेल?

मृद्गंध

काका, चांगलं विचारलंत. चुन्याने ऊन परत फेकलं जातं, म्हणजे ते 60 कमी होतं. ते फक्त उजव्या बाजूला आहे, `1.5·60` मध्ये. डावीकडचे साडेचार, तीन, साडेतीन तसेच. म्हणजे त्रिकोणमिती म्हणाले तसं w एकदा काढून ठेवला, की चुना लावलेली आणि न लावलेली गच्ची, दोन्हींना तोच चालेल. समजा 60 चे 45 झाले, तर वाढीचे सगळे आकडे थेट निम्मे. पहिल्या तासाला पृष्ठभाग 42.1 ऐवजी 36.0. पण 45 हा आकडा मी नुसता धरलाय, चुन्याचा खरा परिणाम मोजावा लागेल.

भट्टीवाला

मी कोल्हापूरकडचा, अॅल्युमिनियम कास्टिंगचं काम. माझं एक्सप्लिसिट कधीच का चाललं नाही, ते आज समजलं. अॅल्युमिनियमचा विसरणांक 9.7e-5 धरला तर तुमच्या काँक्रीटच्या 140 पट होतो. 1 मिमी जाळीला मर्यादा 5 मिलिसेकंद. म्हणून इम्प्लिसिट केलं, अर्ध्या सेकंदाच्या स्टेपने. आता फुटत नाही, पण कास्टिंग खऱ्यापेक्षा फार लवकर गोठतं. शॉपफ्लोअरवर जो वेळ लागतो त्याच्या जवळपास निम्मा. गोठताना सुटणारी उष्णता मी त्या तापमानपट्ट्यात विशिष्ट उष्मा वाढवून घेतली आहे. बायो नंबर चुकलाय का?

त्रिकोणमिती

बायो नंतर बघू. धातू कोणता? LM6 सारखा असेल तर त्याचा गोठण्याचा पट्टा जेमतेम दहा अंशांचा. एका स्टेपमध्ये एखादा नोड पट्ट्याच्या वरून थेट खाली उतरला, तर वाढवलेला विशिष्ट उष्मा त्याला कधी लागलाच नाही. तेवढी सुप्त उष्णता हिशेबातून गळाली, आणि कास्टिंग लवकर गोठलं. एक्सप्लिसिटच्या बारीक स्टेपेत हे सहसा घडत नाही, इम्प्लिसिटच्या ऐसपैस स्टेपेत सर्रास घडतं. प्रत्येक नोड किती स्टेपा त्या पट्ट्यात राहिला ते छापून बघा. शून्य किंवा एक येत असेल तर चोर तोच.

भट्टीवाला

LM6 च आहे. छापलं. कडेच्या बहुतेक नोडना शून्य.

अधांतर

तापमानाऐवजी एन्थाल्पी हे अज्ञात धरा, उष्णता गळणारच नाही. मात्र मग समीकरणं सरळ राहत नाहीत, दर स्टेपला थॉमस दोन-चारदा फिरवावा लागतो.

त्रिकोणमिती

आणि w साठवून ठेवता येणार नाही, कारण मॅट्रिक्स दर फेरीला बदलेल. भट्टीवाले, यासाठी वेगळा धागा काढा, हा विषय मोठा आहे. साच्याच्या वाळूचा आणि धातूच्या मधल्या फटीचा प्रश्नही त्यात येईल.

मृद्गंध

आज 5 मिमीचे थर आणि 15 मिनिटांची स्टेप घेऊन, दर तासाचं सोल-एअर तापमान मधे सरळ रेषेने भरून तीन दिवस चालवलं. उत्तर मूळ समीकरणांत परत घालायची तपासणी दर स्टेपला लावली आहे, फरक 1e-13 च्या घरात. छत सर्वांत गरम येतं ते संध्याकाळी, दुपारच्या कमाल उन्हानंतर काही तासांनी. स्टेप 15 वरून 5 मिनिटं केली तर ती वेळ जवळपास हलत नाही, 60 केली तर हलते.

एक गोष्ट अजून खटकतेय. रात्री गच्ची उघड्या आकाशाकडे उष्णता फेकते, ती तापमानाच्या चौथ्या घातावर. मी ती वरच्या h मध्येच मिसळली आहे, दिवसा-रात्री एकच आकडा. आकाश निरभ्र असताना h किती धरायचा?

रेषाखंड

रात्रीचा भाग मागच्या स्टेपच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून सरळ करून घ्यायचा आणि दर स्टेपला फक्त वरच्या ओळीचा कर्ण आणि उजवी बाजू बदलायची. मी तसं करतो.

त्रिकोणमिती

तसं चालेल, पण मग थॉमस दर स्टेपला नव्याने करावा लागेल, आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका. आकाशाचं तापमान काय धरायचं, यावर मात्र माझ्याकडे मोजलेला आकडा नाही. अकोल्यात कोणाकडे गच्चीच्या पृष्ठभागाची रात्रीची मोजमापं असतील तर इथे टाका.

मृद्गंध

थर्मोकपल मागवली आहेत. एक वर, एक छताला. 15 मिनिटांनी एक नोंद.